नाव मोकळं आहे, पण आपलं आहे का?

पुण्याच्या कॅम्प भागात ‘बर्गर किंग’ नावाचं एक खाण्याचं ठिकाण १९९२ पासून चालू आहे. अमेरिकेतल्या त्याच नावाच्या कंपनीने हा ट्रेडमार्क भारतात १९७९ सालीच नोंदवून ठेवला होता, पण तिचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं ते थेट २०१४ मध्ये. त्याआधीच, २०११ मध्ये, कंपनीने पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. तो तेरा वर्षं चालला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळला गेला. कंपनीची दुकानं इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून पुणेकर हे नाव वापरत होते, हे न्यायालयाने महत्त्वाचं मानलं. कंपनी अपिलात गेली. अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलाने हे नाव वापरू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, तर मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

यात कोण बरोबर, हे ठरवणं न्यायालयाचं काम. धंदा सुरू करणाऱ्याने या खटल्यातून दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. एक म्हणजे, बाजारात कुठेही न दिसणारं नाव सरकारी दफ्तरात दुसऱ्याच्या मालकीचं असू शकतं. दुसरी नेमकी उलटी: दफ्तरात काहीही असलं तरी बाजारात ज्याने आधी वापर केला त्याच्या बाजूलाही कायदा वजन टाकतो. म्हणून नाव तपासायचं तर दोन्हीकडे पाहावं लागतं. बहुतेक लोक यातल्या एकीकडेही पाहत नाहीत. ते तिसरीकडेच पाहतात.

हे ‘तिसरीकडे’ म्हणजे वेबसाइटचा पत्ता. नाव सुचलं की पहिली धाव डोमेन विकणाऱ्या साइटवर असते. .com नाहीतर .in मोकळं दिसलं की वर्षाचे पैसे भरायचे, इन्स्टाग्रामवर त्याच नावाचं खातं उघडायचं, लोगो करून घ्यायचा, पाकिटं छापायला टाकायची. पण डोमेन विकणारा फक्त एवढंच बघतो की अक्षरांची नेमकी हीच ओळ आधी कोणी घेतली आहे का. एक अक्षर इकडेतिकडे झालं की त्याच्या लेखी ते नवं नाव. त्या नावाने धंदा करायचा हक्क तुम्हाला आहे का, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे २००४ मध्ये आलेलं ‘सिफी’ प्रकरण अगदी याच जागी अडलं होतं. सत्यम इन्फोवे या कंपनीने ‘सिफी’ हे नाव घडवून रुजवलं होतं आणि त्यावरून sifynet.com सारखे पत्ते घेतले होते. दुसऱ्या एका कंपनीने नंतर siffynet.com आणि siffynet.net हे पत्ते घेतले. इंग्रजीत f एक की दोन, एवढाच फरक. आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून हा शब्द झाला, असा बचाव तिने केला. न्यायालयाला तो पटला नाही. डोमेन नेम हा नुसता पत्ता नसतो, ती धंद्याची ओळख असते आणि दुकानाच्या नावाला मिळतं तसंच संरक्षण तिलाही मिळू शकतं, असं न्यायालयाने म्हटलं. .in पत्त्यांसाठी तर न्यायालयात न जाताही तक्रार करायची सोय आहे. नाव फसवं आहे आणि वाईट हेतूने घेतलंय असं सिद्ध झालं तर पत्ता सरळ तक्रारदाराच्या नावावर होतो.

कंपनीच्या नावाचंही तसंच. कंपनी नोंदवताना मंत्रालय नाव मंजूर करतं, तेव्हा अनेकांना वाटतं की सरकारी शिक्का मिळाला. पण कंपनी कायदा, २०१३ च्या १६व्या कलमानुसार नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक कंपनी नोंदल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करू शकतो आणि सरकार त्या कंपनीला नाव बदलायला लावू शकतं. गुमास्ता परवाना, जीएसटी क्रमांक, अन्न परवाना ही तर वेगळ्याच कामाची कागदपत्रं आहेत. त्यांच्यावर नाव छापलेलं असतं, पण त्या नावावरचा हक्क त्यांच्यातून येत नाही.

आता खरी तपासणी कशी करतात ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, चिपळूणच्या दोघी जावा घरगुती मालवणी मसाला, कैरीचं लोणचं आणि कोकम सरबत विकतात. आजवर ओळखीपाळखीत खपत होतं, आता वेबसाइट काढून मुंबई-पुण्याला माल पाठवायचा आहे. नाव ठरलंय ‘ओसरी’. osari नावाचा एखादा पत्ता मोकळा दिसतोय आणि धाकटीचा भाचा शनिवारी साइट बनवायला बसणार आहे.

पहिलं काम म्हणजे आपला माल कोणत्या वर्गात बसतो ते ठरवणं. ट्रेडमार्कच्या जगात सगळा व्यापार ४५ वर्गांत विभागलेला आहे. १ ते ३४ वस्तूंचे, ३५ ते ४५ सेवांचे. मसाला ३०व्या वर्गात येतो, लोणचं २९व्या वर्गात आणि सरबत ३२व्या. दुसऱ्यांचाही माल विकणारं ऑनलाइन दुकान काढायचं असेल तर ३५वा वर्ग, खानावळ काढायची असेल तर ४३वा. एकाच स्वयंपाकघरातल्या तीन बरण्या तीन वर्गांत गेल्या, त्यामुळे शोधही तिन्ही वर्गांत घ्यायचा. घाईत लोक फक्त मुख्य मालाचा वर्ग बघतात आणि लोणच्याच्या वर्गात बसलेलं नाव नजरेतून सुटतं.

दुसरं काम सरकारी नोंदवहीत डोकावणं. ipindia.gov.in या संकेतस्थळावर ट्रेडमार्कच्या विभागात Public Search आहे. तो कोणालाही फुकट वापरता येतो. तिथे Wordmark, Phonetic आणि Vienna Code असे तीन प्रकार दिसतात. पहिला शब्दासाठी, दुसरा उच्चारासाठी आणि तिसरा चित्रासाठी, म्हणजे लोगोत कंदील किंवा आंबा असेल तर तशाच चित्रांची चिन्हं शोधण्यासाठी. Wordmark मध्ये पुन्हा Start With, Contains आणि Match With असे पर्याय आहेत. बहुतेक जण आपलं नाव जसंच्या तसं टाकून Match With करतात, शून्य निकाल आला की खूश होतात आणि उठतात. तो शोध डोमेनच्या शोधाइतकाच आंधळा आहे, कारण कायदा नावाची अक्षरं जुळवत बसत नाही. तो विचारतो की गिऱ्हाइकाचा घोटाळा होईल का.

मराठी नावांच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते. एकच नाव रोमन लिपीत प्रत्येक जण आपापल्या परीने लिहितो. ओसरीचंच बघा: OSARI, OSRI, OSREE, OSAREE, OSARY. हे सगळे पर्याय टाकून बघायला हवेत. Contains मध्ये OSAR आणि OSR असे अर्धवट तुकडे टाकले की मागे-पुढे काही जोडलेली नावंही हाती लागतात. मग Phonetic शोध घ्यावा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नये, कारण त्या यंत्राचा कान मराठी नाही. शिवाय ‘उसरी’, ‘आसरी’ असे कानाला जवळचे शब्दही एकदा पाहून घ्यावेत. तीन वर्ग, पाच-सात स्पेलिंगं, म्हणजे काम कंटाळवाणं आहे, पण एका निवांत दुपारी उरकणारं आहे.

ऐकण्यावर एवढा भर का, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ सालच्या एका निकालावरून समजतं. ‘अमृतधारा’ हे घरोघरी ठाऊक असलेलं औषध. तशाच औषधासाठी कोणीतरी ‘लक्ष्मणधारा’ हे नाव नोंदवायला गेला. दोन्ही शब्द फोडून अर्थ बघितला तर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. न्यायालय म्हणालं, सामान्य गिऱ्हाईक शब्द फोडत बसत नाही. दोन बाटल्या शेजारी ठेवून तो तुलनाही करत नाही. त्याच्या डोक्यात नावाची अर्धवट आठवण असते आणि तेवढ्यावर तो दुकानदाराकडे मागणी करतो. म्हणून नावं सारखीच ठरली. आजही नावांची तुलना याच कसोटीवर होते. आपल्या दोन जावांनीही स्वतःला हेच विचारायचं: दादरच्या दुकानात गर्दीत उभी असलेली बाई ‘ते ओसरीचं पाकीट द्या’ म्हणाली, तर दुकानदार दुसऱ्याच कुणाचं पाकीट पुढे सरकवेल का?

समजा शोधातून चार नावं वर आली. ही चारही कल्पित आहेत, पण नोंदवहीत साधारण अशाच प्रकारची माणसं भेटतात. पहिलं, OSRI, वर्ग ३०, रवा-मैदा-आटा, मालक इंदूरचा, स्थिती Registered. दुसरं, OSAREE, वर्ग २५, तयार कपडे, सुरतचं, स्थिती Registered. तिसरं, देवनागरीतलं ‘ओसरी’, वर्ग ४३, नाशिकचं हॉटेल, स्थिती Objected. चौथं, OSARI FOODS, वर्ग २९, पुण्याचं, स्थिती Abandoned.

सुरतच्या कपड्यांपासून सुरुवात करू, कारण ते सोपं आहे. नाव जवळजवळ तेच असलं तरी ड्रेस घेणारी बाई तो मसाल्यावाल्यांनी शिवलाय असं समजणार नाही. ते नाव देशभर गाजलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. फार प्रसिद्ध नावांना त्यांच्या मालाबाहेरही संरक्षण मिळतं. एरवी हे नाव बाजूला ठेवायला हरकत नाही.

चौथ्या नावापुढे Abandoned लिहिलंय, तिथे लोक फसतात. अर्ज सोडून दिला, म्हणजे नाव सुटलं असं वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं की कार्यालयाने परीक्षण अहवाल पाठवला आणि अर्जदाराने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही. अर्ज मेला, धंदा मात्र आजही जोरात चालू असू शकतो. आणि नोंदणी नसली तरी वापरातून उभा राहिलेला हक्क मरत नाही. म्हणून इथे प्रश्न दफ्तराचा राहत नाही, बाजारात जाऊन बघण्याचा होतो. स्थिती Removed असेल, म्हणजे मुदत संपूनही मालकाने नूतनीकरण केलं नसेल, तर काढून टाकल्यापासून वर्षभर ते नाव इतरांच्या अर्जापुरतं नोंदवहीत असल्यासारखंच धरलं जातं. याला एक अपवाद म्हणजे त्याआधीची दोन वर्षं त्याचा वापरच झालेला नसणं.

नाशिकच्या हॉटेलापुढचा Objected हा शब्दही तसाच फसवा. ती कुणा त्रयस्थाची हरकत नसते. कार्यालयाच्या परीक्षकानेच काढलेल्या शंकेला ते नाव आहे. त्रयस्थाने विरोध केला तर Opposed असं लिहिलेलं असतं. अशा नोंदीच्या तपशिलात गेलं की परीक्षण अहवाल उघडून वाचता येतो आणि जाणकार माणूस तो आधी उघडतो. कारण त्यात परीक्षकाने स्वतः शोधून काढलेली जवळची नावं यादीसकट दिलेली असतात. उद्या आपण अर्ज केला तर आपल्यापुढेही हीच यादी येण्याची शक्यता दाट. म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने आपला शोध अर्धा झाला. खाण्याच्या पाकिटांचा आणि हॉटेलचा वर्ग वेगळा असला तरी अनेक हॉटेलं आपल्या नावाने मसाले आणि चटण्या विकतात, तेव्हा वर्ग वेगळा एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

राहिलं इंदूरचं OSRI. त्याची नोंद उघडली की एक रकाना सगळ्यात आधी वाचायचा: वापर कधीपासून. तिथे एकतर तारीख असते, नाहीतर Proposed to be used असं लिहिलेलं असतं. समजा तिथे २००९ सालची तारीख आहे. आता बघा: उच्चार जवळचा, वर्ग तोच, मसाला आणि आटा एकाच किराणा दुकानात एकाच फळीवर, नोंदणी झालेली आणि वापर पंधरा-सोळा वर्षांचा. एवढं सगळं एका बाजूला असताना ‘पण आमचं स्पेलिंग वेगळं आहे’ हा बचाव टिकत नाही. नावापुढे काही जोडूनही भागत नाही. ‘ओसरी मसाले’मधला मसाले हा शब्द सगळ्यांचा, तो तुलनेत धरलाच जात नाही. ‘कोकणची ओसरी’ म्हटलं तरी लक्षात राहणारा शब्द ओसरीच.

गावाचं नाव जोडून सुटका होत नाही आणि कागदावरची नोंदणीही प्रत्येक वेळी वाचवत नाही, या दोन्ही गोष्टी तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या हलव्यावरून झालेल्या खटल्यात एकत्र दिसतात. तिथलं ‘इरुट्टुकडै हलवा’ हे पिढ्यान्‌पिढ्यांचं नावाजलेलं दुकान. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने ‘तिरुनेलवेली इरुट्टुकडै हलवा’ या नावाने विक्री सुरू केली आणि त्याच्याकडे त्या नावाची नोंदणीही होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या दुकानाच्या बाजूने निकाल दिला. नोंदणीमुळे मिळणारा हक्क आधीच्या वापरातून आलेल्या हक्काहून वरचा नसतो, हे त्या निकालाचं सार. ट्रेडमार्क कायदा, १९९९ मध्येही ते वेगळ्या कलमांत लिहिलेलं आहे: नोंदणीकृत मालकालासुद्धा आपल्याआधीपासून नाव वापरणाऱ्याला अडवता येत नाही, आणि नोंदणी नसलेल्या जुन्या व्यापाऱ्यालाही आपल्या नावलौकिकावर दुसरा माल खपवतोय अशी दाद मागता येते.

म्हणून तिसरं काम म्हणजे नोंदवहीबाहेरचा शोध. आपल्याकडे चांगल्या चालणाऱ्या कितीतरी घरगुती धंद्यांनी ट्रेडमार्कचं नावही ऐकलेलं नाही. ते सरकारी शोधात कधीच दिसणार नाहीत. त्यांना शोधायचं ते गूगलवर, गूगल मॅप्सवर, अॅमेझॉन-फ्लिपकार्टवर, इन्स्टाग्राम-फेसबुकवर, इंडियामार्टवर, आणि कंपनी मंत्रालयाच्या mca.gov.in वरच्या नावांच्या यादीत. पुन्हा सगळ्या स्पेलिंगांनी, आणि देवनागरीतही. एवढ्यावर थांबू नये. मुंबईतलं महालक्ष्मी सरस, पुण्यातली भीमथडी जत्रा अशा प्रदर्शनांत बचत गटांचे स्टॉल मांडलेले असतात. त्यांची पाकिटं इंटरनेटवर कुठेच नसतात, पण गिऱ्हाइकं ठरलेली असतात. आपला माल ज्या दुकानांत ठेवायचा आहे तिथल्या दुकानदाराला नुसतं विचारलं, ‘या नावाचं काही येतं का हो तुमच्याकडे?’ तरी खूप कळतं. जे सापडेल त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवावा. उद्या आपण प्रामाणिकपणे शोध घेतला होता, हे सांगायला तो उपयोगी पडतो.

आता निर्णय. आपल्या उदाहरणात इंदूरचं एकटं नाव थांबायला पुरेसं आहे. कागदोपत्री आणखी वाटा निघतात. इंदूरच्या मालकाकडून लेखी संमती मिळवता येते. नाव विकतही घेता येतं. नोंदणी असून पाच वर्षांहून अधिक काळ त्याने ते वापरलंच नसेल तर ती रद्द करायला अर्ज करता येतो, पण त्याचा वापर चालू असल्यामुळे इथे ती वाट बंद आहे. पाकीट अजून छापलेलं नाही, साइट बनलेली नाही, गिऱ्हाइकाच्या तोंडी नाव बसलेलं नाही. अशा वेळी दुसरं नाव शोधणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. हेच दोन वर्षांनी कळलं असतं तर पाकिटांचा साठा, लेबलं, अन्न परवान्यावरचा तपशील, साइटचा पत्ता आणि शोधयंत्रांत मिळवलेली जागा, सगळं एकाच वेळी सोडावं लागलं असतं. त्यावर नोटिशीला उत्तर देणाऱ्या वकिलाची फी वेगळी.

दुसरं नाव शोधताना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. आतापर्यंत आपण विचारत होतो की मला कोणी अडवेल का. आता विचारायचं की उद्या मी कोणाला अडवू शकेन का. ‘अस्सल मालवणी’, ‘घरगुती चव’, ‘कोकण मसाले’ ही नावं बहुतेक मोकळी वाटतात, कारण ती मालाचं नुसतं वर्णन करतात आणि कायदा असे शब्द सहसा कोणा एकाला देत नाही. अशा नावाने धंदा करता येतो, पण शेजाऱ्याने तेच नाव लावलं तर आपले हात बांधलेले. मसाल्याला ‘ओसरी’ म्हणणं याउलट चांगलं होतं. ओसरीचा आणि तिखटाचा काही संबंध नाही, म्हणूनच ते नाव राखता आलं असतं. अडचण फक्त एवढी की ते आधीच कोणीतरी राखलेलं होतं. तेव्हा नवं नावही त्याच जातीचं शोधावं: ओळखीचा पण मालाशी संबंध नसलेला शब्द, नाहीतर स्वतः घडवलेला.

काही नावांपासून तर मुळातच दूर राहावं. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरायला १९५०च्या एका केंद्रीय कायद्याने बंदी आहे. हापूस, वेंगुर्ल्याचा काजू, कोल्हापुरी चप्पल यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळे ती नावं कुणा एकाच्या खिशात जाऊ शकत नाहीत. आणि धर्मग्रंथाचं नाव एकट्याने मालासाठी राखता येत नाही, हे अगरबत्तीसाठी ‘रामायण’ मागणाऱ्या व्यापाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं.

मग आडनाव लावलं तर? हा प्रश्न मराठी माणूस हमखास विचारतो. स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरण्याची मुभा कायदा देतो खरी, पण ती माणसाला आहे. किर्लोस्कर नावावरून नव्वदच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात जो वाद झाला, त्यात न्यायालयाने सांगितलं की स्वतःच्या नावाची ही सवलत कंपनीसारख्या कृत्रिम व्यक्तीला घेता येत नाही. तेव्हा ज्या आडनावाचा कोणी आधीच मोठा ब्रँड केलेला आहे, ते आपलंही आहे एवढ्या बळावर त्याच मालाची कंपनी काढू नये.

तपासणीला बसताना एक नाव घेऊन बसू नये, तीन घेऊन बसावं. एकच असलं की माणूस ते पास करायलाच बसलेला असतो आणि समोर आलेला इंदूरवाला त्याला दिसेनासा होतो. तिन्हींचा शोध सारख्याच कडकपणे घ्यायचा आणि जे सगळ्यात स्वच्छ निघेल ते ट्रेडमार्क एजंटला किंवा वकिलाला दाखवायचं. उघड धोके आपले आपल्याला कळतात. कुंपणावरची प्रकरणं, म्हणजे नाशिकच्या हॉटेलसारखी, जोखायला सरावाचा माणूस लागतो. त्याचा शोधही पूर्ण हमी देत नाही. कालपरवा दाखल झालेला अर्ज यादीत यायला वेळ लागतो आणि खेड्यातला जुना व्यापारी कुठल्याच यादीत नसतो. म्हणून अर्ज करायच्या दिवशी शोध पुन्हा एकदा घ्यावा.

आखातात किंवा अमेरिकेतल्या मराठी मंडळींना पाकिटं पाठवायचा बेत असेल तर आणखी एक गोष्ट. ट्रेडमार्क देशापुरता असतो. भारतात स्वच्छ असलेलं नाव तिकडे दुसऱ्याचं असू शकतं. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या Global Brand Database मध्ये अनेक देशांच्या नोंदी एकत्र आणि फुकट पाहता येतात. पहिली चाळणी म्हणून ती पुरेशी आहे.

नाव ठरलं की क्रम उलटा करू नये. आधी डोमेन आणि समाजमाध्यमांवरची खाती एकाच दिवशी घ्यावीत, कारण ती पटकन जातात. मग टीएम-ए हा ट्रेडमार्कचा अर्ज करावा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला वर्गामागे ४,५०० रुपये सरकारी शुल्क आहे, इतरांना ९,०००. आपल्या जावांना तीन वर्ग लागतील, म्हणजे १३,५०० रुपये. एवढे जमत नसतील तर ज्या मालावर धंदा उभा आहे त्याच्या वर्गापासून सुरुवात करावी. पाकिटं त्यानंतर छापावीत. नोंदणी मिळेपर्यंत नावाशेजारी ™ लिहिता येतं. ® मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याआधी लिहिलं तर दंडाला सामोरं जावं लागेल. अर्ज मान्य झाला तरी तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो आणि चार महिने कोणालाही विरोध करायची मुभा असते. ती टळली की अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं नाव तुमचं, पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण.

अर्जातही तो ‘वापर कधीपासून’ रकाना आहे आणि तो भरताना पुष्कळ जण चुकतात. माल त्या नावाने अजून विकलेला नसेल तर सरळ Proposed to be used लिहावं. नाव जुनं दिसावं म्हणून मागची तारीख टाकू नये, कारण वापराचा दावा केला की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, आणि पुढे वाद झाला की समोरचा वकील सगळ्यात आधी तीच तारीख उकरतो. त्या नावाने केलेल्या विक्रीची पहिली बिलं, पाकिटं छापणाऱ्याची पावती, प्रदर्शनाच्या स्टॉलचं भाडं, साइट सुरू झाल्याची तारीख हे एका फायलीत लावत जावं. दहा वर्षांनी कोणी तुमच्या नावासारखं नाव घेऊन बाजारात उतरला, तर आधीचा वापर तुमचा होता हे त्याच फायलीवरून दाखवायचं आहे.